हार्ड लेव्हलचे कुत्रे

तर झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत ताईचा मुलगा आदू बोरिवलीहून आमच्याकडे मुलुंडला राहायला आला होता. वय वर्षं तेरा. या वयाच्या मुलाला मावशीबद्दल आदर वाटावा असं आपल्याकडे फारसं काही उरलेलं नसतं. माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता होता: मी रविवारी रविवारी बसून केलेला एक छोटासा गेम. ब्राउझरमध्ये चालतो, वरून दिसतो, नाव ‘पेपरवाला’. पहाटे पाचला सायकल घेऊन सोसायट्यांमध्ये पेपर टाकायचे आणि गल्लीतल्या कुत्र्यांपासून वाचायचं. कुत्र्यांना दगड मारायचा नाही (बाबांची अट), बिस्किट टाकायचं. तीन बिस्किटं खाल्ली की कुत्रा शेपूट हलवत बसून राहतो.

गेमला ईझी, मीडियम आणि हार्ड अशा तीन लेव्हल होत्या. ईझीमध्ये कुत्र्याला एक बिस्किट पुरतं, हार्डमध्ये सहा लागतात, आणि हार्डमधला चावा दुप्पट लागतो. हे लिहायला मला किती वेळ लागला असेल? दोन ओळी. दोन गुणाकार.

आदूने हार्ड लावलं, दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, “मावशी, हार्डमध्ये कुत्रे डेंजर नाही झालेत. नुसते जास्त भुकेले झालेत.”

मी आधी हसले, मग रात्री झोप येईना. कारण त्याचं बरोबर होतं. दर दहा सेकंदांनी खेळाडू नकाशावर कुठे आहे हे टिपून ठेवणारी एक फाइल मी आधीच लिहिली होती (दुसऱ्याच एका बगसाठी). ती उघडली. मीडियममध्ये आदू पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात पाठ लावून उभा राहिला होता आणि तिथून बिस्किटं फेकत होता. हार्डमध्येही तोच कोपरा, तीच पाठ, तीच बिस्किटं, फक्त वेळ दुप्पट. लेव्हल बदलूनही खेळाडूची उभं राहायची जागा बदलत नसेल, तर आपण अवघड काही केलेलं नाही, नुसतं लांबवलंय. ही तपासणी कुणालाही करता येते, त्यासाठी आदूसारखा भाचा लागत नाही. पण असला तर बरं.

दुसरी तक्रार उलट्या दिशेने आली. आमचे बाबा मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी उजव्या हाताला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. आता हात चालतो, पण सावकाश. नातवाबरोबर खेळायची त्यांना हौस, म्हणून मी त्यांना ईझी लावून दिलं. एका बिस्किटात कुत्रा गार. बाबांनी तीन कुत्रे बसवले, कीबोर्ड बाजूला सरकवला आणि म्हणाले, “हे काय कुत्रे आहेत? मला काय बाळ समजतेस?”

म्हणजे वरच्या टोकाला कंटाळा आणि खालच्या टोकाला अपमान! एकाच गुणाकाराने दोन माणसं गमावली.

सोमवारी ऑफिसला जाताना (माझं ऑफिस अंधेरीला, मुलुंड ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो) मोबाइलवर ‘डूम’चा सोर्स कोड उघडला. आता डूम म्हणजे १९९३ सालचा गेम, तो कशाला? तर त्याचा कोड १९९७ पासून सगळ्यांना वाचायला खुला आहे. आणि त्यातल्या राक्षसांचा जीव कुठल्याही लेव्हलला वाढत नाही, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे का बघायचं होतं.

खरं आहे. आगीचे गोळे फेकणारा तो तपकिरी इम्प आठवतोय? त्याचा जीव ६०. सगळ्यात सोप्या लेव्हलला ६० आणि सगळ्यात अवघड ‘नाइटमेअर’लाही ६०. त्याचा गोळा लागला की ३ ते २४ च्या मधलं काहीतरी नुकसान होतं, तेही तेवढंच. अपवाद एकच: सगळ्यात सोप्या लेव्हलला खेळाडूला बसणारा मार निम्मा होतो. पहिल्या चार लेव्हलमध्ये मुख्य फरक राक्षसांच्या संख्येचा आहे, म्हणजे नकाशावर कोण कुठे उभा असेल याचा. पाचवी लेव्हल, नाइटमेअर, १९९४ मधल्या १.२ आवृत्तीत आली. तिच्यात राक्षस चौथ्या लेव्हलइतकेच आणि त्याच जागी उभे असतात. तरीही माणूस पहिल्या खोलीतून जिवंत बाहेर पडत नाही. का?

उत्तर `p_enemy.c` नावाच्या फाइलमध्ये या चार-पाच ओळींत आहे:

```
if (gameskill < sk_nightmare
    && !fastparm && actor->movecount)
{
    goto nomissile;
}
```

हे मराठीत सांगते. राक्षस तुमच्या मागे लागतो तेव्हा तो एक दिशा निवडतो आणि त्या दिशेने किती पावलं चालायचं याचा एक आकडा काढतो, शून्य ते पंधरा, नशिबाने जो येईल तो. तो आकडा `movecount` मध्ये असतो आणि प्रत्येक पावलाला एकाने कमी होतो. वरच्या ओळींचा अर्थ असा, की पावलं शिल्लक आहेत तोवर गोळा फेकायचा नाही. आधी चाल, मग फेक. नाइटमेअरमध्ये ही अट उठते.

बस्स, एवढंच. तुम्ही म्हणाल, एका अटीने काय होणार? मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीत उभं राहून बोटांवर हिशोब केला. डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ टिचक्या मारतं आणि इम्पचं एक पाऊल तीन टिचक्यांचं असतं. इम्प बराच लांब असेल तर फेकायची परवानगी मिळाल्यावरही तो दरवेळी फेकत नाही. आधी फासा टाकतो आणि साधारण चार-पाच वेळांत एकदा त्याच्या मनासारखं दान पडतं. आता साध्या लेव्हलला हा फासा एका चालीत एकदाच टाकता येतो, पावलं संपल्यावर. एक चाल सरासरी आठ-नऊ पावलांची. नाइटमेअरमध्ये तोच फासा प्रत्येक पावलाला पडतो. हात उगारायचा वेळ धरून हिशोब केला तर साध्या लेव्हलला मोकळ्या मैदानात लांबचा इम्प साधारण चार सेकंदांत एक गोळा फेकतो, आणि नाइटमेअरला जवळजवळ दर सेकंदाला एक. वर त्या गोळ्याचा वेगही दुप्पट होतो. जीव तोच, मार तोच, पण आधी जी उसंत मिळत होती ती गेली.

आणि आपण खेळतो ते त्या उसंतीतच! डूम खेळताना मी इतकी वर्षं समजत होते की मी गोळे चुकवते. खरं म्हणजे इम्प आपली पावलं मोजत रिकामा फिरत असताना मी आडोशामागून बाहेर येत होते.

हे घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. डूमचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून फुकट मिळतो, आणि चॉकलेट डूम हा प्रोग्रॅम तो जुन्या वागणुकीसकट चालवतो. आम्ही शनिवारी हे दोन लागोपाठ लावले:

```
chocolate-doom -iwad doom1.wad -skill 4 -warp 1 1
chocolate-doom -iwad doom1.wad -skill 4 -fast -warp 1 1
```

`-fast` लावलं की पावलांची अट उठते, गोळे वेगवान होतात आणि तो गुलाबी, चावणारा राक्षस दुप्पट वेगाने येतो. बाकी काही बदलत नाही. पहिल्याच नकाशात हिरव्या विषारी पाण्यावरून जाणारी नागमोडी वाट आहे, पलीकडे उंचावर इम्प उभा असतो. पहिल्या वेळी आदू त्या वाटेवर चक्क उभा राहून नेम धरत होता. दुसऱ्या वेळी, कुणी न सांगता, तो खांबाआडून खांबाआड पळायला लागला. उभं राहायची जागा बदलली! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

नाइटमेअरमध्ये याशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मेलेले राक्षस परत उठतात. किमान १२ सेकंद मेलेलं राहावं लागतं, त्यानंतर जवळजवळ दर सेकंदाला एक छोटीशी सोडत निघते, आणि सरासरी काढली तर एखादा साधारण मिनिटाभराने उठतो. म्हणजे ‘खोली साफ केली’ ही कल्पनाच संपते, मारत बसण्यात अर्थ उरत नाही. हा बदल मजेशीर आहे, पण माझ्या कुत्र्यांना उपयोगाचा नव्हता. (बिस्किट खाल्लेला कुत्रा मिनिटाने परत भुकेला होतो हे वास्तवाला धरून असलं तरी!)

दुसरी गोष्ट मात्र मला महागात पडली. साध्या लेव्हलला राक्षसाने तुम्हाला पाहिलं की तो लगेच फेकत नाही. त्याला आठ पावलांची सूट असते. ती संपेपर्यंत लांबून हल्ला बंद, अर्थात तुम्ही आधी गोळी मारली तर तो लगेच उलट फेकू शकतो. इम्पच्या बाबतीत ही सूट पाऊण सेकंदाच्या आसपास पडते. नाइटमेअरमध्ये ही सूटही शून्य. आता पावलांची अट आणि ही सुरुवातीची सूट, दोन्ही ‘थांबणं’च आहे, म्हणून मी पेपरवाल्याच्या हार्ड लेव्हलमध्ये दोन्ही उडवून टाकल्या. झडप घातल्यावर कुत्र्याने जी चार पावलं इकडेतिकडे फिरायचं ती फिरायची नाहीत, आणि दिसल्या दिसल्या झडप घालायची.

आदू वैतागला. साहजिक होतं. सोसायटीच्या फाटकातून वळला की ज्या क्षणी कुत्रा पडद्यावर दिसायचा, त्याच क्षणी चावलेला असायचा. “हे हार्ड नाही, हे चीटिंग आहे,” तो म्हणाला. फाइल बघितली तर तो आता कुठल्याच फाटकातून आत जात नव्हता. बाहेर रस्त्यावर उभा राहून कुत्रे बाहेर येण्याची वाट बघत होता. खेळाडू जागा बदलतो एवढं पुरेसं नाही, तो कुठे जातो तेही बघायला हवं. गेम खेळायचंच सोडून तो गेमच्या कडेला जाऊन बसला असेल, तर गडबड आपल्या बाजूला आहे.

यावर काउंटर-स्ट्राइकवाले म्हणतील, आमच्याकडे हे आधीपासून होतं. होतंच. २००४ मध्ये ‘कंडिशन झीरो’ आला तेव्हा मी कॉलेज बुडवून घाटकोपरच्या एका सायबर कॅफेत पडीक असायचे. माणसं कमी पडली की आम्ही बॉट घ्यायचो. `bot_difficulty` शून्य ते तीन. सोप्या बॉटचा जीव १०० आणि एक्स्पर्ट बॉटचाही १००. त्यांची `BotProfile.db` ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात `Skill` आहे, आणि त्याशिवाय `ReactionTime` आणि `AttackDelay` असे दोन वेगळे आकडे आहेत. एक दिसल्यावर भानावर यायचा, दुसरा भानावर आल्यावर गोळी झाडायचा. वीस वर्षांपूर्वी ती फाइल मी उघडली होती, पण फक्त बॉटना मित्रांची नावं द्यायला. ते दोन आकडे वेगळे का ठेवलेत, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. असो.

तर मी दोन्ही आकडे वेगळे केले. हार्डमध्ये फिरण्याची पावलं शून्य ते चारमध्ये आणली, पण पाहिल्यानंतरची सूट अर्धा सेकंद कायम ठेवली. बिस्किटं सगळ्या लेव्हलला तीन. चावा सगळीकडे सारखा. आदूने पुन्हा लावलं आणि टाकीचा कोपरा दोन मिनिटांत सोडला, कारण आता एकाला बिस्किट फेकेपर्यंत दुसरा येत होता. तो गाड्यांच्या मधून सायकल काढायला लागला. एक कुत्रा आडवा आला की दुसऱ्याची वाट अडते, हे त्याला माझ्याआधी कळलं.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी तेच आकडे उलट्या बाजूला फिरवले. झडप घातल्यावर किमान आठ, जास्तीत जास्त वीस पावलं फिरायचं. पाहिल्यानंतरची सूट सव्वा सेकंद. कुत्रे पूर्ण ताकदीचे, तीन बिस्किटांचे, आदूला चावतात तेवढंच चावणारे. बाबा खेळले. एकदा हरले, दोनदा हरले, पण कीबोर्ड बाजूला सरकवला नाही.

तिसऱ्यांदा हरल्यावर त्यांनी मला बोलावलं. “गॅप ठीक आहे गं,” ते म्हणाले, “पण गॅप संपतोय हे मला कळणार कसं? हिरव्यावरून एकदम लाल देत नाही कुणी. मध्ये पिवळा लागतो.”

छत्तीस वर्षं लोकल चालवलेला माणूस आहे. मी परत कोड उघडला, कारण डूमने याचं काय केलंय हे बघायला हवं होतं. आणि तिथे सापडलं ते बघून मी खुर्चीत सरळ बसले. इम्प गोळा फेकण्याआधी हात उगारतो. उगारल्यापासून गोळा हातातून सुटेपर्यंत १६ टिचक्या जातात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला जरासं कमी. ज्या नाइटमेअरमध्ये पावलांची अट काढली, पाहिल्यानंतरची सूट काढली, मेलेले उठवले, त्याच नाइटमेअरमध्ये या १६ टिचक्यांना हात लावलेला नाही. राक्षस तुम्हाला पाहून जो गुरगुरतो, तो आवाजही तसाच आहे. सगळी उसंत काढून घेतली, पण पिवळा सिग्नल शिल्लक ठेवला. गुलाबी राक्षसाला मात्र ही सवलत नाही. त्याच्या चाव्याची हालचालही निम्म्या वेळात उरकते. पण तो जवळ आल्याशिवाय चावू शकत नाही आणि लांबून धावत येताना दिसतो, म्हणजे त्याचं धावत येणं हाच त्याचा इशारा.

एक सांगायला हवं, की यातलं काहीही राक्षसाला हुशार करत नाही. नाइटमेअरचा इम्पही आठ दिशांपैकी एक निवडून भिंतीवर आपटतो आणि दुसरी निवडतो. वळसा घालून मागून येणं, दोघांनी मिळून कोंडीत पकडणं, त्याला येत नाही. ते हवं असेल तर ते लिहावं लागतं, आणि मग प्रत्येक लेव्हलला वेगळं तपासावं लागतं. माझ्या कुत्र्यांना ते शिकवायला मला अजून चार-पाच रविवार लागतील आणि ते रविवार माझ्याकडे नाहीत. मेगाब्लॉकच्या दिवशी घरात अडकले तर बघू.

पिवळा सिग्नल मात्र त्याच रात्री बसवला. झडप घालायच्या आधी कुत्रा थांबतो आणि कान टवकारतो. आदूच्या लेव्हलला कान अर्धा सेकंद उभे राहतात, बाबांच्या लेव्हलला एक सेकंद. आधी बाबांना दीड सेकंद दिला होता, तर म्हणाले की कुत्रा फोटो काढायला उभा असल्यासारखा वाटतो. म्हणून कमी केला.

मेन्यूतली ईझी, मीडियम, हार्ड ही नावं आदूनेच काढून टाकली. त्याच्या मते आता ती खोटी होती, कारण कुत्रे तर सगळीकडे सारखेच. त्याने नवी नावं दिली: ‘फास्ट’, ‘सेमी-फास्ट’ आणि ‘स्लो’. बाबा म्हणाले, स्लो लोकल चालवणं जास्त अवघड असतं, दर दोन-तीन मिनिटांना थांबावं लागतं. त्यावर दोघांचा वाद झाला आणि जेवण गार झालं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आदू बोरिवलीला परत गेला. शनिवारी संध्याकाळी दोघं आपापल्या घरून एकच गल्ली खेळतात, आदू फास्ट लावून आणि बाबा स्लो लावून, आणि फोन स्पीकरवर ठेवून एकमेकांना किती पेपर टाकून झाले ते सांगतात. परवा बाबा एकवीसवर होते आणि आदू अठरावर. आदूचं म्हणणं, आजोबांच्या कुत्र्यांचे कान जास्त वेळ उभे राहतात म्हणून. बाबांचं म्हणणं, मग तूही स्लो लाव.